तिसऱ्या थराचा निर्णय

बारावीला घन अवस्था शिकवताना मी टेबल टेनिसचे चेंडू आणि डिंक घेऊनच वर्गात जाते. त्यातून हाताला लागलेल्या या गोष्टी.

१. दोन थरांपर्यंत एचसीपी आणि सीसीपी असा भेद नसतोच. पहिल्या 'अ' थरात दर चेंडूमागे दोन खळगे असतात, पण शेजारचे खळगे एकाच वेळी भरता येत नाहीत. त्यामुळे 'ब' थर निम्म्याच खळग्यांवर बसतो. तिसरा थर पुन्हा 'अ'च्या बरोबर वर आला, तर षट्कोनी रचना (मॅग्नेशियम, जस्त). रिकाम्या राहिलेल्या खळग्यांवर 'क' म्हणून बसला, तर घनीय (तांबे, चांदी).

२. पोकळ्यांची संख्या पाठ करून घेऊ नये, मोजून घ्यावी. अ आणि ब या दोन थरांमधली फटच बघा. ब-मधल्या प्रत्येक चेंडूखाली एक चतुष्फलकी पोकळी, अ-मधल्या प्रत्येक चेंडूवर आणखी एक. न भरलेल्या प्रत्येक खळग्यापाशी खालचे तीन आणि वरचे तीन चेंडू मिळून अष्टफलकी पोकळी. थरात N चेंडू असतील, तर 2N चतुष्फलकी आणि N अष्टफलकी. चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. त्याच्या ०.४१४ पट, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरची वस्तू अष्टफलकी पोकळीत मावते, म्हणून थर रचतानाच तिथे साधी गोटी ठेवते. चतुष्फलकीत ०.२२५ पट, जेमतेम नऊ मिलिमीटरचा मणी.

३. गोट्या न ठेवता रचलेली रचना कोणती हे ओळखायला अगरबत्तीची काडी पुरे. षट्कोनी रचनेत 'क' जागा कायम रिकामी राहते. तिथे सुमारे सहा मिलिमीटरचे भोक सगळ्या थरांतून सरळ खाली जाते, काडी आरपार निघते. घनीय रचनेत वरून घातलेली काडी तिसऱ्या थरापलीकडे जात नाही.

४. भोक दिसले की मुले म्हणतात, "बाई, मग ही रचना विरळ!" तसे नाही. थरांमधले अंतर दोन्हींत तेच, म्हणून भरलेला भागही तोच. घनीय एककात चार अणू असतात आणि कड 2√2 r. अणूंचे आकारमान 16.76 r³, घनाचे 22.63 r³, भागाकार ०.७४. केप्लरने १६११ साली मांडलेला अंदाज असा, की यापेक्षा दाट रचना शक्यच नाही. हेल्सने त्याची सिद्धता १९९८ साली जाहीर केली. मात्र खोक्यात चेंडू ओतून हलवले, तरी सुमारे ६४ टक्केच जागा भरते. आणि खऱ्या जस्तात थर आदर्शापेक्षा दूर असतात: c/a १.६३३ ऐवजी १.८६.

५. खरा फरक पोकळ्यांच्या शेजारात आहे. षट्कोनी रचनेत चतुष्फलकी पोकळ्या जोडीजोडीने एकाच पृष्ठाला चिकटलेल्या असतात. दोन्हींत आयन बसवले तर ते फार जवळ येऊन एकमेकांना ढकलतात. घनीय रचनेत ही अडचण नाही, आणि म्हणूनच कॅल्शियम फ्लोराइडमध्ये सगळ्याच्या सगळ्या चतुष्फलकी पोकळ्या फ्लोराइड आयनांनी भरलेल्या सापडतात.