हप्ता कापला गेला नाही, तेव्हा

आईच्या आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता तिच्या खात्यातून आपोआप कापला जायचा. गेल्या वर्षी मुदत संपता संपता मेसेज आला : ऑटो-डेबिट अयशस्वी, ३० दिवसांच्या ग्रेस पीरियडमध्ये हप्ता भरा. खात्यात पैसे भरपूर होते. बँकेत चौकशी केली तेव्हा कारण कळलं. मँडेटवर कमाल रक्कम २५,००० रुपये लिहिली होती आणि आईचा वयोगट बदलल्यामुळे नवा हप्ता २८,४०० झाला होता. मर्यादेपेक्षा मोठी मागणी बँक परत पाठवते.

विमा प्रतिनिधी म्हणाले, "महिनाभर मुदत आहे, कंपनी पुन्हा डेबिट टाकेल." त्याच आठवड्यात आईला डेंग्यू झाला, रुग्णालयात ठेवावं लागलं. घरी आल्यावर आम्ही हप्ता भरला, पॉलिसी चालू झाली. पण रुग्णालयाचं बिल मंजूर झालं नाही. नियमाने ते बरोबरच होतं. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्यात ग्रेस पीरियड फक्त जुने हक्क टिकवतो. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, जमलेला बोनस हे शाबूत राहतं. मात्र मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत संरक्षण नसतं. हप्ता मासिक किंवा तिमाही असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्रेस काळातही संरक्षण चालू राहतं, मासिक हप्त्याला तो १५ दिवसांचा असतो. आपली पॉलिसी यातली कोणती, हे आधी पाहा.

म्हणून असा मेसेज आला की पुढच्या डेबिटची वाट पाहू नका. मेसेजमधल्या लिंकवर पैसेही भरू नका. नेमक्या अशाच मेसेजच्या नावाखाली फसवणूक होते. कंपनीचं अ‍ॅप स्वतः उघडा किंवा शाखेत जा, पॉलिसी क्रमांक टाकून थकीत रक्कम बघा आणि त्याच दिवशी भरा. त्यानंतर कंपनीला कळवून पुढची डेबिट मागणी थांबवायला सांगा, नाहीतर हप्ता दोनदा कापला जाऊ शकतो. पैसे खात्यातून गेले पण पॉलिसी थकीतच दिसते, असंही होतं. तेव्हा बँकेकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घेऊन कंपनीला लेखी कळवा.

नुसत्या पावतीवर समाधान मानू नका. नूतनीकरणाचं पॉलिसीपत्र मागवून त्यावरची सुरुवातीची तारीख वाचा. संरक्षण कधीपासून आहे, ते तिथेच कळतं. नवं मँडेट देताना कमाल रक्कम आजच्या हप्त्याच्या बरीच वर ठेवा, कारण हप्ता वयाबरोबर वाढतो.

तीस दिवस उलटले, तर पॉलिसी संपते. मग नवा प्रस्ताव, कदाचित तपासण्या आणि मधुमेहासारख्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून. घरात वयस्कर माणसांची पॉलिसी असेल, तर तिच्या मँडेटवरची कमाल रक्कम आजच बघून घ्या.