तक्ते व आकृत्यांची शीर्षके : संपादनाचा एक पाठ

शोधनिबंध हाती आल्यावर बहुतेक वाचक प्रथम तक्ते व आकृत्या पाहतात, मजकूर नंतर वाचतात. पुष्कळदा तक्त्याची छायाप्रत काढून ती परिसंवादात दाखविली जाते किंवा एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकात छापली जाते. तेथे मूळ मजकूर सोबत नसतो. म्हणून शीर्षक व तळटीप एवढ्यावरूनच तक्ता पूर्ण समजला पाहिजे आणि त्यातील आकडे मजकुराशी तंतोतंत जुळले पाहिजेत. हे कसे तपासावे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

जानुसंधिगत वाताच्या ३० रुग्णांना योगराज गुग्गुळ ८ आठवडे दिला, असे समजा. ५ रुग्णांनी उपचार मध्येच सोडले, २५ रुग्णांनी पूर्ण केले. लेखकाने दिलेले शीर्षक असे : ‘तक्ता क्र. २ : उपचारांचा परिणाम’. तक्त्यात वेदना उपचारापूर्वी ६२ ± १५ व नंतर ३८ ± २०, आणि उपशम मिळालेले रुग्ण १८ (७२ टक्के) अशी नोंद आहे.

पहिली पायरी अशी की, मजकूर कागदाने झाकावा व केवळ तक्ता वाचावा. कोणते रुग्ण, किती, काय मोजले, कोणत्या एककात, केव्हा, आणि ± या चिन्हाचा अर्थ काय, या प्रश्नांची उत्तरे मिळतात का ते पाहावे. वरील शीर्षकातून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. सुधारलेले शीर्षक असे होईल :

‘तक्ता क्र. २ : योगराज गुग्गुळाने ८ आठवडे उपचार पूर्ण केलेल्या जानुसंधिगत वाताच्या २५ रुग्णांतील वेदना, उपचारापूर्वी व नंतर.’

त्याखाली तळटीप : ‘वेदनेचे आकडे सरासरी ± प्रमाण विचलन. मापन १०० मि.मी. रेषेवर, ० म्हणजे वेदना नाही, १०० म्हणजे असह्य वेदना. उपशम म्हणजे वेदनेत किमान ३० टक्के घट. प्रवेश दिलेल्या ३० पैकी ५ रुग्णांनी उपचार सोडले. त्यांचा येथे समावेश नाही.’

‘परिणाम’ हा शब्द हेतुतः गाळला आहे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे वेदना कमी झाली एवढेच तक्ता दाखवितो, ती औषधानेच कमी झाली हे सिद्ध करीत नाही. औषधाची मात्रा, अनुपान व रुग्णनिवडीचे निकष मात्र मजकुरातच राहू द्यावेत. ते सारे शीर्षकात कोंबल्यास शीर्षक वाचवत नाही.

दुसरी पायरी म्हणजे मजकुरातील प्रत्येक आकडा पेन्सिलीने अधोरेखित करून तक्त्याशी ताडून पाहणे. येथे मजकुरात ‘६० टक्के रुग्णांना उपशम मिळाला’ असे वाक्य आढळते. तक्ता ७२ टक्के म्हणतो. गणित दोन्हीकडे बरोबर आहे : १८ रुग्ण ३० पैकी धरले तर ६० टक्के, २५ पैकी धरले तर ७२ टक्के. चूक छेदाची आहे. माहितीपत्रकात केवळ ७२ टक्के छापले गेले, तर उपचार सोडणारे पाच रुग्ण वाचकाच्या दृष्टीआड होतात. संपादकाने आकडा परस्पर बदलू नये. रुग्णपत्रके पाहून खात्री करण्यास लेखकास कळवावे आणि दोन्ही ठिकाणी ‘प्रवेश दिलेल्या ३० पैकी १८ (६० टक्के), उपचार पूर्ण केलेल्या २५ पैकी १८ (७२ टक्के)’ असे छेदासह लिहावे. सारांशातील आकडाही तपासावा. दुरुस्ती करताना तोच हमखास विसरला जातो.

तिसरी पायरी आकृतीची. हीच माहिती स्तंभालेखात दाखविताना स्तंभांच्या टोकांवर उभ्या रेषा काढल्या आहेत. त्यांची लांबी दोन्ही बाजूंस ३ व ४ आहे, तक्त्यात मात्र ± १५ व ± २०. संगणकाने येथे प्रमाण त्रुटी काढली आहे. प्रमाण विचलनास रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे २५ च्या वर्गमुळाने, भागले की १५ चे ३ व २० चे ४ होतात. आखूड रेषा पाहून सर्व रुग्णांना जवळजवळ सारखाच गुण आला, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात रुग्णारुग्णांत मोठा फरक आहे. म्हणून आकृतीतही प्रमाण विचलनच घ्यावे व ‘उभ्या रेषा प्रमाण विचलन दर्शवितात, रुग्णसंख्या २५’ असे आकृतीखालच्या शीर्षकात नोंदवावे.

शेवटी शब्द व क्रमांक पाहावेत. तक्त्यात ‘वेदना’, आकृतीत ‘शूल’ व मजकुरात ‘रुजा’ असे असल्यास तीन वेगळी लक्षणे मोजली असे वाटते. एकच संज्ञा सर्वत्र ठेवावी. एखादा तक्ता गाळला असेल, तर मजकुरातील ‘तक्ता क्र. ३ पाहा’ हा निर्देश नेमक्या तक्त्याकडे नेतो ना, हे छपाईपूर्वी एकदा पडताळावे.