भाषांतरित मजकूर आणि मूळ लेखकाचा निर्देश

सेवेत राहून पदविका किंवा पदवीचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या शिक्षकास मराठी माध्यमातून निबंध सादर करावे लागतात. परंतु मानसशास्त्र व अध्यापनशास्त्र यांवरील पुष्कळसे लेखन इंग्रजीत असते. सबब शिक्षक एखादा इंग्रजी लेख मिळवून त्याचे मराठी भाषांतर करतो. हे काम कष्टाचे आहे, आणि त्या कष्टांतूनच अशी समजूत उद्भवते की, वाक्ये आपली असल्यामुळे लेखही आपलाच झाला. वाक्ये भाषांतरकाराची असतात हे खरे. परंतु प्रयोग, विचार व अनुमान हे मूळ लेखकाचेच राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांतील वाङ्मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याच्या कृतीबरोबर त्याच्या कल्पनेचाही समावेश आहे, तो याच कारणाने.

एक उदाहरण घेऊ. स्मरणशक्तीवर निबंध लिहिणाऱ्या शिक्षकाच्या हाती बहुधा जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५६ सालचा लेख येतो. एकदा ऐकून लगेच परत सांगता येतील अशा सुट्या घटकांची संख्या सुमारे सात, दोन कमी किंवा दोन अधिक, असते, असे त्यात दाखविले आहे. निबंधात हे पुढीलप्रमाणे उतरते : ‘मनुष्याच्या मनात एका वेळी सात गोष्टी राहतात.’ वाक्य शुद्ध मराठी आहे. पण ते कोणी, केव्हा व कशावरून म्हटले, हे वाचणाऱ्यास कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

यातून होणारी हानी केवळ मिलर यांच्या श्रेयाची नाही. लेखाच्या अखेरीस मिलर यांनी स्वतःच शंका व्यक्त केली आहे की, निरनिराळ्या प्रयोगांत पुनःपुन्हा दिसणारा हा सात आकडा कदाचित निव्वळ योगायोग असेल. नाव गळाले की ही सावधगिरीही गळते, आणि एका संशोधकाचे जपून केलेले विधान त्रिकालाबाधित सत्यासारखे दिसू लागते. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे प्रतिपादन केले. निबंधात ‘मिलर, १९५६’ एवढे जरी लिहिलेले असेल, तरी परीक्षकास दोन्ही मते शेजारी ठेवून पाहता येतात. नाव व साल नसेल, तर तो ‘सात’ हा आकडा निबंधलेखकाचीच चूक समजण्याचा संभव आहे.

याच लेखात आणखी एक खोच आहे. शून्य व एक या दोनच अंकांची लांब मालिका ऐकून तीन-तीन अंकांचा एक गट करावा व त्या गटास एक नवा अंक द्यावा, जसे १०१ ला ५, म्हणजे मूळच्या अंकांपैकी कितीतरी अधिक लक्षात राहतात. अशाच गट पाडण्याच्या सरावाने चाळीस अंक न चुकता परत सांगितल्याचा वृत्तान्त मिलर देतात. मात्र हा प्रयोग मिलर यांचा नव्हे, सिडनी स्मिथ यांचा. आणि मिलर यांनी तसे स्पष्ट नमूद केले आहे. येथे शिक्षकाने मिलर यांच्या नावावर प्रयोग घालणे चूक, आणि स्मिथ यांचे लेखन प्रत्यक्ष वाचल्याचा आव आणणेही चूक. ‘स्मिथ यांचा प्रयोग, मिलर (१९५६) यांनी दिलेल्या वृत्तान्तावरून’ असे लिहिले म्हणजे वस्तुस्थिती नेमकी उतरते.

निर्देश दोन ठिकाणी करावा. मजकुरात, विधानाला लागूनच, लेखकाचे नाव व साल द्यावे. निबंधाच्या अखेरीस नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, साल व पृष्ठे द्यावीत. मिलर यांच्या लेखापुरते हे ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’, खंड ६३, १९५६, पृष्ठे ८१ ते ९७ असे होईल. येथे शीर्षक मात्र मूळ इंग्रजीत, रोमन लिपीतच लिहावे. त्याचे मराठी रूपांतर हवे तर पुढे द्यावे. केवळ मराठी शीर्षकावरून कोणत्याही ग्रंथालयात तो लेख सापडणार नाही. शेवटी ‘मराठी भाषांतर निबंधलेखकाचे’ अशी नोंद करावी. या नोंदीने भाषांतराचे श्रेय शिक्षकाकडे येते, आणि एखादा शब्द चुकला असल्यास त्याचा दोष मिलर यांना लागत नाही. मिलर यांच्या ‘चंक’ या संज्ञेसाठी कोणी ‘गट’ लिहील, कोणी ‘पुंज’. जो शब्द पसंत केला तो अखेरपर्यंत एकच ठेवावा.

मजकुराची तुलना करणारी संगणकीय साधने बहुधा एकाच भाषेतील शब्द जुळवून पाहतात; त्यामुळे भाषांतर त्यांच्या नजरेतून निसटू शकते. परीक्षकाच्या नजरेतून ते सहसा निसटत नाही. तालुक्यातील शाळेवरच्या निबंधात तारायंत्रावर संदेश घेणाऱ्याचे उदाहरण अकस्मात आले, किंवा एका परिच्छेदात ‘गट’ व पुढच्यात ‘पुंज’ दिसला, की तो लेखनिकास बोलावून मूळ लेख विचारतो.

संपूर्ण निबंधच एका लेखाचे भाषांतर असेल, तर वाक्यावाक्यास निर्देश करीत बसण्याचे कारण नाही. शीर्षकाखालीच ‘अमुक लेखाचा अनुवाद’ असे लिहावे. मात्र असा अनुवाद निबंध म्हणून चालेल काय, हे अभ्यासकेंद्रातील मार्गदर्शकास आधी विचारून घ्यावे. कित्येक ठिकाणी तो चालत नाही.