मांजर दुखणं सांगत नाही, दाखवतं

अगं, गोटूला घरी आणल्यापासून तुझं एकच पालुपद चाललंय, "ताई, त्याला काही दुखलं-खुपलं तर ओरडेलच की तो." नाही ओरडणार गं. कुत्र्याचा पाय दाराखाली आला तर सगळी कॉलनी जमा होते, पण मांजर दुखणं गिळून गप्प बसतं. ते उंदरावर झडप घालतं खरं, पण त्याच्याहून मोठी जनावरं त्याच्यावरही टपलेली असतात. शिवाय त्याचे रानातले पूर्वज एकेकटे शिकार करणारे, कळपात राहणारे नव्हेत. विव्हळून मदतीला येणार कोण? उलट आपण अधू आहोत हे शत्रूला कळायचं. त्यामुळे दुखायला लागलं की मांजर आधी आडोसा शोधतं.

आणि आपल्या गोविंदपुऱ्यातल्या जुन्या क्वार्टरांत आडोशाला काय तोटा? दिवाणाखाली, कूलरमागे, मागच्या अंगणातल्या अडगळीत, कुठंही. पण मांजर लपलं म्हणजे आजारीच असं समजू नकोस. उन्हाळ्यात ते गार फरशीसाठी कोपरा धरतं, थंडीत उबेसाठी गोधडीत शिरतं, पाहुणे आले की पलंगाखाली जातं. फरक ओळखायचा तो असा, की कारण गेलं तरी ते बाहेर येतं का? नेहमीच्या जागी लपलंय की कधीच जात नव्हतं अशा जागी? वाटी वाजवल्यावर निदान मान तरी वळवतं का?

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या वहिनींचा भुऱ्या असाच कपाटामागे जाऊन बसला. नसबंदी केलेला, चांगला गुबगुबीत, कायम घरात राहणारा बोका. फटाके चालूच होते, म्हणून घरच्यांनी भीतीवर सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं शांत होतं, तरी तो पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसत होता. वहिनींनी मला बोलावलं. मोबाईलचा टॉर्च डोळ्यांत न मारता भिंतीवर टाकला आणि खाली बसून जरा वेळ नुसतं बघत राहिले.

काय बघायचं ते सांगते. कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठात पाउलो स्टीगॉल या पशुवैद्यांच्या गटाने 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण एवढ्या पाच गोष्टी. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. ठीक असेल तर शून्य, थोडा बदल असेल तर एक, स्पष्ट दिसत असेल तर दोन. दहापैकी चार किंवा जास्त झाले की मांजराला वेदनाशामकाची गरज आहे असं डॉक्टर धरतात.

भुऱ्याचे कान चपटे होऊन बाहेरच्या बाजूला वळले नव्हते, पण एरवी समोर ताठ असणारे ते एकमेकांपासून थोडे लांब गेले होते. एक गुण. डोळे आवळून बारीक केलेले, पण झोपेतले नव्हेत, दोन गुण. नाकाखालचे गाल एरवी गोल, फुगीर दिसतात. ते थोडे आवळले होते, एक. मिशा नेहमी सैल, खाली झुकलेल्या असतात, त्या सरळ झाल्या होत्या, एक. आणि डोकं? बसलेल्या मांजराचं डोकं खांद्यांच्या वर असतं. याचं खांद्यांच्याही खाली, हनुवटी छातीकडे. दोन. बेरीज सात.

भ्यायलेल्या मांजराचे डोळे असे बारीक होत नाहीत गं, ते टकाटका मोठे होतात, बाहुल्या पसरतात. मला तिथंच पटलं, हे फटाक्यांचं नाही.

मग शरीर बघितलं. चारही पाय पोटाखाली घेऊन बसला होता. तशी सुखात असलेली मांजरंही बसतात, पण त्यांची पाठ सैल असते, जरा वेळाने ती कुशीवर लवंडतात. याची पाठ कमानीसारखी वर आलेली, पोट आवळलेलं, आणि अंग टाकून आडवं व्हायची तयारीच नाही. पोटात दुखणारं मांजर असंच बसतं. मी विचारलं, "वहिनी, लघवी केली का याने?" त्या म्हणाल्या, "सकाळपासून रेतीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय. बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल देऊ का?" ट्रे बघितला तर रेती कोरडी. म्हणजे कुंथत होता लघवीसाठी.

बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडावर दाब येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. एरंडेलाने काही होत नाही, आणि पोट दाबून लघवी काढायला जाशील तर मूत्राशय फुटू शकतं. भुऱ्याला आम्ही बास्केटमध्ये घालून लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुंगी देऊन नळी घातली, सलाइन लावलं, काही दिवस ठेवून घेतलं. वाचला तो.

एक गोष्ट मात्र मनात पक्की कर. दुखतंय हे कळलं की आपला हात डब्यातल्या गोळीकडे जातो. मांजराला पॅरासिटामोल अजिबात द्यायची नाही, चतकोरसुद्धा नाही. ती पचवून बाहेर टाकायची ताकद त्याच्या यकृतात नसते. रक्तातला लाल रंग बिघडून ऑक्सिजन वाहून नेणं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंडाला सूज येते. एका गोळीने मांजर मरू शकतं. आपल्या घरातल्या दुसऱ्या वेदनाशामक गोळ्याही तशाच दूर ठेव.

चेहऱ्यावरून गुण देताना मांजर झोपलेलं, खात असलेलं, अंग चाटत असलेलं किंवा ओरडत असलेलं नसावं, नाहीतर डोळे मिटलेले दिसतील आणि तू उगाच घाबरशील. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरात हे गुण तितके भरवशाचे नाहीत. गुरगुरतंय म्हणजे खूष आहे असंही नाही, दुखत असलेली मांजरंही गुरगुरतात. आणि म्हाताऱ्या मांजराचे सांधे वर्षानुवर्षं दुखत असले तर चेहऱ्यावर फारसं दिसत नाही. ते खिडकीवर एका उडीत जायचं सोडून आधी स्टुलावर थांबतं, पाठीवरचे केस चाटायचे सोडून देतं आणि तिथे गुंते होतात. आपण म्हणतो, वय झालं.

गोटू धडधाकट आहे तोवर त्याचे समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेव, म्हणजे त्याचे रोजचे कान, रोजच्या मिशा कशा असतात हे तुझ्यापाशी राहील. आणि शंका आली तर घरातच त्याचा व्हिडिओ घे. दवाखान्यातल्या टेबलावर मांजर भीतीने ताठ होतं, तिथं डॉक्टरांनाही खरा चेहरा दिसत नाही.

आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कोरडा उठत असेल, तर गुण मोजत बसू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव, आपण त्याला घेऊन निघू.