चावण्याचा आवाज असह्य होतो तेव्हा : मिसोफोनिया

शेजारच्या व्यक्तीच्या चावण्याचा किंवा श्वासाचा आवाज कानी पडताच आपणांस क्षणार्धात संताप येतो, छाती धडधडते, उठून जावेसे वाटते काय? या अवस्थेस मिसोफोनिया म्हणतात. येथे आवाज किती मोठा यापेक्षा तो कोणता व कोणाचा, हे महत्त्वाचे असते. म्हणूनच अनेकदा घरच्याच माणसाचा आवाज अधिक बोचतो. हा हट्टीपणा नव्हे.

पुष्कळजण कानांत बोळे घालतात. त्याने तात्पुरता आराम मिळतो. परंतु दिवसभर वापरल्यास बारीकसारीक आवाजही अधिक ठळक जाणवू लागतात. त्याऐवजी जेवताना पंखा किंवा मंद आवाजात रेडिओ सुरू ठेवावा. चावण्याचा आवाज पूर्ण झाकला जाण्याची गरज नाही, इतर आवाजांत मिसळला तरी पुरे. समोरासमोर न बसता एका रांगेत बसावे, कारण हलणारा जबडा दिसल्यानेही त्रास वाढतो. असह्य झाल्यास पाच मिनिटे उठून जाऊन परत यावे. ही मुभा मात्र घरच्यांशी आधीच बोलून ठरवावी, ताटावर बसल्यावर नव्हे.

एकत्र जेवणेच बंद झाले असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. विचार व वर्तनावर आधारित समुपदेशनाचा अनेकांना उपयोग होतो. सर्वच मोठे आवाज सोसत नसतील, तर प्रथम कान तपासून घ्यावेत. टेलि-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.