वहीतली वाक्ये आणि वंशावळीच्या पायऱ्या

प्रश्न : आमच्या जुन्या वहीत वंशावळ वाक्यांत लिहिली आहे. पिढीनुसार यादी करताना आधी सगळे मुलगे, मग सगळे नातू असेच लिहायचे ना?
— एक वाचक, फुलंब्री

उत्तर : नाही. तसे केल्यास कोणता नातू कोणाचा, हेच कळणार नाही. एका मुलाची शाखा शेवटच्या वंशजापर्यंत उतरवा आणि मगच त्याच्या भावाकडे वळा. तुमच्या जवळच्या वेरूळचे भोसले घराणे पाहा : ‘मालोजींना शहाजी व शरीफजी. शहाजींना संभाजी, शिवाजी, व्यंकोजी. शिवाजींना संभाजी, राजाराम. संभाजींचे पुत्र शाहू.’

```
मालोजी
    शहाजी
        संभाजी
        शिवाजी
            संभाजी (ज. 1657)
                शाहू
            राजाराम
        व्यंकोजी
    शरीफजी
```

दर पिढीला नाव एक पायरी आत सरकते, भावंडे एकाच रेषेत राहतात. व्यंकोजींची आई तुकाबाई, थोरल्या दोघांची जिजाबाई. तरी पायरी तीच. आईचे नाव फार तर कंसात द्यावे.

खरी फसगत होते ती सारख्या नावांनी. शाहू कोणत्या संभाजींचे, काकांचे की पुतण्याचे? शेवटचे वाक्य ते सांगत नाही. म्हणून पुतण्यापुढे जन्मवर्ष लिहिले आहे. तुमच्या वहीतही आजोबांचे नाव नातवाला ठेवलेले असेल, तर आधी वडिलांचे नाव जुळवा. जुळले नाही, तर ते नाव अंदाजाने कुठेही न बसवता यादीखाली वेगळे ठेवा.