घाण्याचं तेल कढईत की कढल्यात?

नाशिकमध्ये लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घेणारी घरं पुष्कळ आहेत. घाण्यावरून कॅन येतो आणि भाजी, फोडणी, दिवाळीचं तळण सगळं त्यातूनच निघतं. घोळ होतो तो तळणात. तेल ज्या तापमानाला सतत धूर सोडू लागतं तो त्याचा स्मोक पॉइंट. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा तो साधारण १६० अंश सेल्सिअस असतो, रिफाइंडचा २३० च्या आसपास. आणि तळणाला तेल लागतं १७० ते १९० अंशांचं.

काय करावे

• तळणाला रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यावं. तेलाला लवकर धूर आणतात ती त्यातली सुटी फॅटी आम्लं, आणि रिफायनिंगमध्ये तीच काढली जातात. त्यासोबत वास आणि चवही जाते. पण चकलीला तेलाची चव हवी असते कुणाला?

• फोडणी आणि परतणं मात्र घाण्याच्या तेलात करावं. शेंगदाण्याचा खमंगपणा इथेच कामाला येतो, आणि परतताना भाजीतलं पाणी निघत असतं तोवर कढईचा ताप फार चढत नाही.

• फोडणीला आच मंद ठेवावी. कढल्यात तेल दोनच चमचे असतं. लिटरभर तेल तापायला वेळ घेतं, हे दोन चमचे बघता बघता धुरावर जातात. एक मोहरी टाकून पाहावी. ती लगेच तडतडली की उरलेली मोहरी, मग जिरं, आणि गॅस बंद केल्यावर हिंग-हळद.

• मिसळीच्या तर्रीसाठीही हाच क्रम. तेल तापवून गॅस बंद करावा, थोडं निवू द्यावं, मग तिखट घालावं. लगेच रस्स्याचं पाणी हाताशी असावं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पण गरम तेलात तिखट क्षणात काळं पडतं. मग तर्री लाल न होता तपकिरी होते आणि कडवट लागते. त्याचा दोष लोक मसाल्याला देतात.

• चिवड्याचे जाडे पोहे तळताना तेल चांगलंच तापलेलं लागतं. चार पोहे टाकून पाहावेत. तळाशी बसून राहिले तर तेल थंड आहे, ते तेल पितील. टाकताच फुलून वर आले की झाऱ्यात थोडे थोडे घेऊन तळावेत, काही सेकंदांत काढावेत. इथे घाण्याचं तेल वापरलं तर पोहे फुलण्याच्या आधीच धूर सुरू होतो.

• घाण्याचं तेल ताजं असेल तर गाद खाली बसू द्यावी आणि वरचं निवळ तेल वापरावं. गाद आधी जळते, कढईत फेसही आणते.

काय टाळावे

• धूर आणि वाफ यांची गल्लत नको. पदार्थ टाकल्यावर उठते ती वाफ, पांढरी, लगेच विरणारी. रिकाम्या तेलातून उठतो तो निळसर धूर, डोळ्यांना झोंबणारा. फोडणीला असा धूर आला तर ते तेल फेकून फोडणी पुन्हा करावी. दोन चमच्यांसाठी पातेलंभर वरण बिघडवू नये.

• फक्त स्मोक पॉइंटचा आकडा बघून तेल निवडू नये. रिफाइंड सूर्यफुलाचाही आकडा उंच आहे, पण त्यातली बहुअसंतृप्त चरबी तासभराच्या तळणात शेंगदाणा तेलापेक्षा लवकर बिघडते. दोन पुऱ्यांना चालेल, दिवाळीच्या फराळाला नको.

• डब्यावर ‘फिल्टर्ड’ लिहिलंय म्हणून ते रिफाइंड समजू नये. फिल्टर तेल फक्त गाळलेलं असतं, सुटी आम्लं त्यात तशीच राहतात. मध्यम आचेवर थोडं तळण होतं त्यात, पण नजर ठेवावी लागते.

• साबुदाणा वड्याचं उरलेलं तेल पुन्हा तळणाला ठेवू नये. ओल्या वड्यातल्या पाण्यामुळे तेलात सुटी आम्लं वाढतात, म्हणजे रिफाइंड तेलाचाही स्मोक पॉइंट प्रत्येक तळणीला खाली येतो. फडक्यातून गाळून दोन-तीन दिवसांत भाजीत संपवावं. तेल गडद, चिकट झालं किंवा फेस बसेनासा झाला, तर तेही नाही.

• जुन्या तेलात नवं तेल ओतून ‘ताजं’ करू नये. जुन्यातली सुटी आम्लं नव्यात मिसळतात, एवढंच होतं.

• बाहेरचं तळण घेताना कढईकडे बघायला लाजू नये. तेलातली बिघडलेली, म्हणजे ‘ध्रुवीय’ संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण काळं तेल आणि भजी टाकण्याआधीच उठणारा धूर रस्त्यावरूनही दिसतो.

• पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करावा, कढईवर झाकण सरकवावं आणि ती निवेपर्यंत हलवू नये.